चार्जर, बादली आणि युनिट

हवामानबदलाची तोंडओळख करून देणाऱ्या इंग्रजी पुस्तकांची सध्या रेलचेल आहे. डेव्हिड वॉलेस-वेल्स यांचे 2019चे ‘द अनइनहॅबिटेबल अर्थ’ वाचून माणूस सुन्न होतो आणि पुस्तक मिटून गप्प बसतो. हॅना रिची यांचे 2024चे ‘नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड’ त्याला उतारा म्हणून लिहिलेले. 2013नंतरच्या सात वर्षांत बीजिंगच्या हवेतले सूक्ष्म कण निम्म्याच्या आसपास आले, हे ते दाखवते. धीर येतो. पण आलेखातली रेघ खाली उतरवायला किती सक्ती आणि किती पैसा लागला, याचा विचार वाचकालाच करावा लागतो.

मला या साऱ्यांत जुने झालेले एक पुस्तक अजून सरस वाटते: केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकाय यांचे ‘सस्टेनेबल एनर्जी – विदाउट द हॉट एअर’. 2008चे हे पुस्तक त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवले. ते भीती दाखवत नाही, धीरही देत नाही, हिशेब मांडते. सगळी ऊर्जा, मग ती पेट्रोलमधली असो की अन्नातली, मॅकाय दरमाणशी रोजच्या किलोवॅट-तासांत मोजतात. हे माप आपल्याला परके नाही. वीजबिलावरचे ‘युनिट’ ते हेच.

मोबाइल काढून घेतल्यावर बोर्डात तसाच राहिलेला चार्जर अर्धा वॅट खातो असे धरू. चोवीस तासांचे 12 वॅट-तास झाले, म्हणजे युनिटचा शंभरावा भाग आणि थोडे वर. आता आंघोळीची वीस लिटरची बादली घ्या. पाणी 25 अंशांवरून 45वर न्यायला जवळजवळ अर्धे युनिट लागते. एका बादलीत चार्जरचे चाळीस दिवस! चार्जर काढल्याचे समाधान मानणाऱ्याचा यात थोडा विरस होतो खरा, पण हात कुठे घालायचा ते कळते.

पुस्तकाची मर्यादाही याच मापात आहे. सगळी युनिटे सारखी नसतात. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते आणि ते जळून सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे युनिटमागे पाव किलोहून थोडा कमी. भारतात बरीचशी वीज कोळशाची, म्हणून घरात आलेल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो. मग विजेची स्कूटर वाईट का? नाही, कारण पेट्रोलची बहुतेक ऊर्जा इंजिनात उष्णता होऊन वाया जाते आणि मोटर तेवढ्याच अंतराला त्याच्या काही अंशानेच भागवते.

मॅकाय 2016 साली गेले. सौरविजेच्या त्यांनी धरलेल्या किमती आता हास्यास्पद वाटाव्यात इतक्या जास्त आहेत. उदाहरणेही ब्रिटनची: घर तापवणे, रोज पन्नास किलोमीटर मोटार. आपल्या पंख्याचा, गिझरचा, शेतपंपाचा हिशेब याच रीतीने मांडणारे मराठी पुस्तक कोणी लिहिले, तर मी आधी त्यातला शेतपंपाचा भाग उघडेन.