क्षमेचं वाक्य

६ एप्रिल २०१८ रोजी कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात, आर्मलीजवळच्या एका चौकात, हंबोल्ट ब्रॉन्कोज या आइस हॉकी संघाची बस आणि एक मालट्रक यांची धडक झाली. १६ जण दगावले, १३ जखमी झाले. ट्रकचालक भारतातून तिकडे गेलेला तरुण होता आणि थांबण्याची खूण असूनही तो थांबला नव्हता. त्याने खटला न लढवता सर्व २९ आरोप कबूल केले. मग जानेवारी २०१९ च्या अखेरीस मेलफर्ट गावात शिक्षेची सुनावणी झाली. तिथे मृतांच्या आणि जखमींच्या जवळच्यांची सुमारे ९० निवेदनं न्यायालयापुढे आली. त्यांतलं मृत मुख्य प्रशिक्षकांच्या पत्नीचं निवेदन मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं.

असं निवेदन म्हणजे मनाला येईल तसा फोडलेला टाहो नव्हे. तिकडच्या फौजदारी संहितेत त्याचा छापील नमुना आहे. मनावर काय परिणाम झाला, शरीरावर काय, पैशाअडक्याचं काय झालं, स्वतःच्या सुरक्षिततेची कसली भीती वाटते, असे रकाने त्यात आहेत. शेवटी चित्र, कविता किंवा पत्र यांसाठी जागा सोडलेली असते. सिद्ध न झालेले आरोप करायचे नाहीत, तपास करणाऱ्यांविरुद्ध तक्रार मांडायची नाही आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय शिक्षा किती असावी हेही सुचवायचं नाही. म्हणजे रागाला जे शब्द सर्वांत आधी सुचतात, तेच इथे वर्ज्य. उरतं ते फक्त स्वतःचं नुकसान.

या चौकटीत उभं राहून त्या बाईंनी चालकाला सरळ उद्देशून सांगितलं की मी तुम्हाला क्षमा करते. माझी पात्रता नसताना मलाही क्षमा मिळालेली आहे, म्हणून मीही तेच करते. आशय एवढाच. पण वाक्याची घडण पाहा. पहिला भाग देण्याचा आहे आणि दुसरा त्या देण्यामागचं कारण सांगतो. ते कारण चालकाच्या वागण्यात नाही, त्याच्या पश्चात्तापातही नाही. ‘पात्रता नसताना’ हे शब्द वरकरणी स्वतःविषयी आहेत, पण ते त्याच्यावरही पडतात. म्हणून या क्षमेने अपराध तसूभरही हलका होत नाही. उलट अपराध मान्य असल्याशिवाय असं वाक्य बोलताच येणार नाही.

न्यायालयानेही ही क्षमा शिक्षेच्या जागी धरली नाही. मार्चमध्ये प्रत्येक मृत्यूसाठी ८ वर्षं आणि प्रत्येक जखमीसाठी ५ वर्षं, सर्व एकत्र भोगायची, अशी शिक्षा झाली.

हे वाक्य गुलबर्ग्यात बसून मराठीत आणताना मात्र हात अडखळतो. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांना एकच शब्द आहे. मराठीला निवड करावी लागते, आणि कन्नडलाही: ‘नीनु’ की ‘नीवु’? ‘तुला’ म्हटलं तर आईची माया ऐकू येते, किंवा संताप. मी ‘तुम्हाला’ निवडेन. या बाई त्या चालकाशी नातं जोडत नाहीत. अंतर तसंच ठेवून त्या देतात, म्हणून ते देणं जड आहे.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ भाषांतराचा नाही. आळंद किंवा बसवकल्याणची बाई मराठीत बोलेल, पण जिल्ह्याच्या न्यायालयात लेखी उतरेल ते कन्नडमध्ये. ‘आरोपीस माफ केले’ असं तृतीयपुरुषी वाक्य लिहिलं गेलं, तर समोरासमोर बोलणं संपलं आणि कारणही गळालं. मग ते तडजोडीसारखं दिसू लागतं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा आपल्या कायद्यात तडजोडीने मिटणारा नाही. तरी बचावाचा वकील त्या एका ओळीवर सौम्य शिक्षा मागू शकतो.

आणि अशा निवेदनाला आपल्याकडे जागा तरी कुठे आहे? जुन्या कलम ३०४अ मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षांची होती, त्यामुळे खटला समन्स पद्धतीने चाले आणि शिक्षेवर वेगळं म्हणणं ऐकण्याचा टप्पाच नसे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली कमाल पाच वर्षं झाली. त्यामुळे खटला वॉरंट पद्धतीत आला आणि तो टप्पा मिळाला. पण कायद्यात तिथे नाव आहे ते आरोपीचं. घरच्यांना सरकारी वकिलामार्फत किंवा आपल्या वकिलाच्या लेखी युक्तिवादातूनच पोचावं लागतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा निवेदनाची गरज बोलून दाखवली, तीही कर्नाटकातल्याच एका प्रकरणात: मल्लिकार्जुन कोडगली.

उद्या इथल्या एखाद्या घराला ती संधी मिळाली, तर माझं सांगणं एवढंच असेल: बोलणारीचं वाक्य प्रथमपुरुषातच उतरवा, आणि ‘म्हणून’च्या मागचं कारण गाळू नका. ती ‘तुम्हाला’ म्हणाली असेल, तर कन्नडमध्ये ‘निमगे’च लिहा.