पहिल्या अर्ध्या तासाचं गाणं

मराठीत पावसाची गाणी उदंड आहेत, पहिल्या पावसाची मात्र फार थोडी. बहुतेक गीतकार मृगाचा पहिला शिडकावा आणि श्रावणातली सर एकाच गाण्यात उरकतात. खान्देशातल्या पारोळ्याच्या शिवारात या दोन पावसांचा एकमेकांशी काही संबंध नाही. इथे मेअखेरीला नांगरलेलं काळं रान भेगाळून पडलेलं असतं, बोरी नदीचं पात्र कोरडं असतं, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो आणि काहींनी धूळपेरणी करून कपाशीचं बी देवाच्या भरवशावर टाकलेलं असतं. अशा जमिनीवर पडणारा पहिला पाऊस अर्ध्या तासाचा प्रसंग आहे. त्याला क्रम आहे, आणि गाणं जमतं की फसतं ते त्या क्रमावर ठरतं.

या कसोटीला उतरणारं गाणं खान्देशातच आहे. बहिणाबाई चौधरींचं ‘आला पाऊस’. बहिणाबाई (1880–1951) आसोद्याच्या, सासर जळगावचं. त्यांची बोली लेवा गणबोली, पारोळ्याची अहिराणी, पण माती आणि घरं तीच. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं 1952 साली पुस्तकरूपात आली. त्या गाण्यांतल्या सुगरणीचं आणि संसाराचं कौतुक शाळेपासून आपण ऐकतो. पावसाच्या गाण्याची कारागिरी मात्र कुणी फारशी उकलत नाही.

त्या गाण्याच्या पहिल्या कडव्यात पाऊस नुसता शिंपडतो, वास येतो आणि मन भरतं. वासाचं काम तिथेच संपतं, पुढच्या कडव्यांत बाई त्याचं नाव काढत नाहीत. हे बरोबर आहे, आणि का बरोबर आहे ते विज्ञानानं पुढे सांगितलं. इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1964 मध्ये दाखवलं की कोरड्या दिवसांत माती आणि दगड काही तेलकट द्रव्यं धरून ठेवतात आणि ओल लागताच ती सुटतात. त्यात मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेलं जिओस्मिन मिसळतं, ज्याचा अतिसूक्ष्म अंशही आपल्या नाकाला कळतो. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत वेगवान कॅमेऱ्यानं असं दिसलं की थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याच्यात अडकलेले हवेचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि बारीक तुषार उडवतात. हे हलक्या आणि मध्यम पावसात जास्त होतं, मुसळधारेत कमी. म्हणजे वास शिडकाव्याचा असतो, झडीचा नसतो. आपले गीतकार ढग फुटून पूर आल्यावरही तिसऱ्या अंतऱ्यात मातीचा सुगंध दरवळवतात, तेव्हा त्यांनी नाक वापरलेलं नाही, जुनं गाणं वापरलेलं आहे, एवढंच कळतं.

वासाबद्दल आणखी एक गोष्ट अजून गाण्यात यायची आहे. पारोळ्यात वास पुष्कळदा पावसाच्या आधी येतो. दुपारी धुळीचा लोट उठतो, मागून गार वारा येतो आणि त्या वाऱ्यातून ओल्या मातीचा वास. आपल्या अंगणात थेंब नसतो, पण माणसं म्हणतात, तामसवाडीकडे लागला वाटतं. दुसऱ्याच्या शिवारातला पाऊस नाकानं ओळखणं, त्यातली आशा आणि थोडा हेवा, हा अख्खा अंतऱ्याचा ऐवज आहे. तो आजवर कुणी उचललेला माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता आवाज. बहिणाबाईंचं कडवं चार ओळींचं, ओळ आठ अक्षरांची, जात्यावरच्या ओवीच्या चालीत सहज बसणारी. पहिल्या कडव्याच्या सुरुवातीला पाऊस हा शब्द एकदाच येतो. दुसऱ्यापासून तोच शब्द लागोपाठ दोनदा येऊ लागतो आणि कडव्यामागून कडवं आदळत राहतो. ‘रिमझिम’, ‘टपटप’ असं काही न म्हणता पाऊस वाढल्याचं कानाला कळतं. मग गडगडाट होतो, छाती धडधडते, दारात ओरडत भिजणारी पोरं घरात दडतात. आवाज आधी आनंदाचा, मग भीतीचा होतो. हा पालट पहिल्याच पावसाचा, कारण श्रावणात विजेला पोरं एवढी घाबरत नाहीत.

आजचं ध्वनिमुद्रित गाणं हे काम यंत्रावर सोपवतं. सुरुवातीला ढगांचा तयार गडगडाट, त्यावर पावसाची ध्वनिमुद्रिका, मग बासरी किंवा संतूर. पावसाच्या आवाजात सगळे स्वरपट्टे एकदम असतात. तो गाण्याखाली चालू ठेवला तर गायकाचे स, श, फ त्यात बुडतात. म्हणून मिश्रण करणारा मुखड्याला तो खाली ओढतो, आणि गाण्यातला पाऊस पहिल्या ओळीलाच थांबतो. गडगडाट काढून टाका आणि चाल ऐका. त्यात पाऊस उरला, तर गाणं पावसाचं. मल्हाराच्या अंगानं बांधलेल्या चालींतला पाऊस टिकतो हे खरं, पण मल्हार भरलेल्या आभाळाचा. तडकलेल्या जमिनीवर पडलेले पहिले दहा थेंब त्याच्या स्वभावात नाहीत.

शिवाय आवाज छपराप्रमाणे बदलतो. धाब्याच्या घरावर पाऊस वाजत नाही. माती तो पिऊन टाकते, आणि आत बसलेल्याला तो कळतो पन्हळीतून आणि गळतीतून. बहिणाबाईंच्या गाण्यात घरं गळू लागतात आणि धाब्यावर पसरलेली खारी माती वाहून जाते. उन्हाळ्यात घातलेली मेहनत पाण्याबरोबर गेली, आता पुन्हा खारी आणा, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या एका तपशिलात घरातल्या बाईची धावपळ दिसते. आता पारोळ्यात पत्रे आले, स्लॅब आले. पत्र्यावरच्या पहिल्या सरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, स्लॅबखाली पाऊस आला हेच उशिरा कळतं. गाण्यांतली घरं मात्र कुठल्याच छपराची नाहीत.

स्पर्शाची अवस्था सगळ्यात वाईट. ‘जैत रे जैत’ (1977) मध्ये ना. धों. महानोरांनी आभाळ आणि देह एकत्र आणले तेव्हा त्यात रानाचं बळ होतं. पळसखेड्याचा तो शेतकरी कवी होता. त्यानंतर पावसाचा स्पर्श म्हणजे भिजलेली नायिका, असं समीकरण झालं. 1998 च्या ‘गारवा’नं शहरी तरुणाला पावसात आठवणीचा गारवा दिला. सौमित्र यांचे शब्द आणि मिलिंद इंगळे यांचा आवाज मला आवडतो, पण तो खिडकीजवळचा पाऊस आहे. खान्देशातला पहिला पाऊस गारवा देतोच असं नाही. तापलेल्या रानातून वाफ निघते, सर थांबली की उकाडा दुप्पट होतो, सदरा अंगाला चिकटतो. काळी माती पायाला धरते, पावलागणिक तळव्याला नवा थर चढतो आणि चप्पल हातात घ्यावी लागते. हा सगळा स्पर्शच आहे, आणि लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या नव्या खान्देशी गाण्यांत तो शोधून सापडत नाही. त्यांचा ताल नाचायला उत्तम आहे, पण पाऊस त्यांत आला तर चित्रीकरणासाठी येतो.

या बाबतीत बहिणाबाईही थोड्या कमी पडतात. त्यांच्या गाण्यात पोरं भिजतात, पण भिजलेल्या अंगाला काय वाटलं ते येत नाही. शेत उगवू दे असं त्या मागतात, झड लागल्यावर घरात बसून वडे-भजी खायला सांगतात आणि शेवटी पावसात देवाचे अश्रू पाहतात. पायाखालची माती राहून गेली. ती जागा सत्तर वर्षं रिकामी आहे.

अहिराणीत नवं लिहिणाऱ्या पोरांना म्हणून एवढंच सांगणं आहे: येत्या मृगाआधी गाणं बांधणार असाल तर ‘मातीचा सुगंध’ हे दोन शब्द आणि तयार गडगडाट एवढं वगळून बांधा. वास आधी येऊ द्या, मग थेंब, मग छप्पर, आणि चिखल जिथे लागतो तिथेच लागू द्या.