घराला आशीर्वाद, वृत्तात

वास्तुशांतीला यजमानांच्या कुणा आप्ताने रचलेली मंगलाष्टके म्हणण्याची पद्धत सीमाभागातल्या मराठी घरांत रुळलेली आहे. विवाहातल्याच शार्दूलविक्रीडित वृत्तात ती बांधलेली असतात. कारण उघड आहे, ती चाल सर्वांच्या ओठांवर असते. पण चालीबरोबर लग्नाचा सगळा संसारही त्यात शिरतो. 'वधूवरां'च्या जागी 'दंपती' घातले की कवीला काम झाले असे वाटते; ज्या घरासाठी हा खटाटोप, त्याचा उंबरठा, देवघर, चूल यांचा पत्ताच नसतो. हा दोष सहज दिसतो. दुसरा मात्र आपल्या द्विभाषिक घरांतच आढळतो आणि तो कानाला कळावा लागतो.

हुबळीच्या विद्यानगराचे उदाहरण घेऊ. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात एकोणीस अक्षरे असतात आणि बाराव्यानंतर यती येतो. 'विद्यानगर' या शब्दात दोन गुरूंमागून तीन लघू येतात. असा क्रम या वृत्तात कुठेच नाही, म्हणून हे नाव जसेच्या तसे बसत नाही. शेवटचे अक्षर दीर्घ केले की मात्र चपखल बसते:

ह्या विद्यानगरी नवीन घर हे, लाभो सुखाचे सदा

पहिली तीन अक्षरे गुरू, मग दोन लघू आणि 'री' गुरू. पुढे 'नवीन' म्हणजे लघू, गुरू, लघू; 'घर' दोन लघू; 'हे' गुरू, आणि तिथे यती. काव्य म्हणून ओळ सामान्यच, पण निर्दोष आहे.

आता कवीला वाटते, शेजारपाजारची कन्नड मंडळी येणार, 'घर'ऐवजी 'मने' म्हणावे. अर्थ तोच, अक्षरेही दोनच. आणि इथेच घोटाळा होतो. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन्ही आहेत, 'मने'तला ए ऱ्हस्व आहे. तेव्हा कन्नड कानाला तो शब्द 'घर'सारखाच दोन लघूंचा, आणि ओळ बिनचूक. मराठी छंदशास्त्रात मात्र ए आणि ओ नेहमी गुरूच. मराठी कानाला 'मने' म्हणजे लघू-गुरू आणि अकराव्या अक्षरावर वृत्तभंग. कन्नड शाळेत शिकलेली नात म्हणेल बरोबर आहे, आजोबा म्हणतील चुकले. आणि दोघांचेही खरे असेल. कन्नड लिपीत हा भेद दिसतो. देवनागरीत ऱ्हस्व ए-ओची चिन्हे आहेत, पण मराठी छापखान्यांत ती वापरत नाहीत. त्यामुळे कागद हाती धरून म्हणणारा 'ने' लांबवतो आणि चाल अडखळते. 'बेळकु' म्हणजे उजेड, या शब्दाचेही तेच: कन्नडात तीन लघू, मराठीत गुरू आणि दोन लघू. एकाच शब्दाला चरणात दोन वेगवेगळ्या जागा शोधाव्या लागतात.

म्हणून कन्नड शब्द टाळावेत असे माझे म्हणणे नाही. ए-ओ नसलेले शब्द निवडावेत. 'हालु' (दूध), 'बागिलु' (दार), 'हसिरु' (हिरवे) यांची मापे दोन्ही भाषांत एकच राहतात. उदाहरणार्थ:

दारी तोरण बांधिले हसिरु हे, लक्ष्मी वसो मंदिरी

'हसिरु'चे तीन लघू नेमके नवव्या, दहाव्या, अकराव्या जागी पडले आहेत. या वृत्तात सलग तीन लघू तिथेच येतात. शिवाय तोरण दिसते, म्हणजे ओळ घराविषयी काही बोलते. यजमानांची नावेही अशीच जागा पाहून बसवावीत. 'मीनाक्षी' तीन गुरूंची, तिला चरणाचा आरंभ द्यावा. 'रमेश' सातव्या अक्षरापासून. 'सुनील'चा 'सुनिल' करून भलत्या जागी कोंबणे ही पळवाट झाली, आणि आशीर्वादात माणसाचे नावच मोडावे हे बरे दिसत नाही.

चालीचा आग्रह नसेल तर मात्र ओवी मला अधिक योग्य वाटते. ती जात्यावरची, म्हणजे घरातलीच. तिच्यात लघू-गुरूंचा असा हिशेब नसतो, आवाज हवे तिथे स्वर लांबवतो, हवे तिथे आखडतो. 'मने' तिथे कुणालाच खटकणार नाही. जात्यावर गायली जाणारी कन्नड त्रिपदीही याच घरची, त्यामुळे शेजारणीलाही त्यात सूर मिसळता येईल. भटजींसमोर अक्षता टाकायला अष्टक हवे असेल तर ते असू द्यावे. दूध उतू जाताना चुलीपाशी ओव्या म्हणाव्यात.

जाता जाता गावाच्या नावाबद्दल. 2014 साली हुबळीचे सरकारी नाव हुब्बळ्ळी झाले. 'हुबळी' दोन लघू आणि एक गुरू, ती यतीच्या अगदी अलीकडे बसत असे. 'हुब्बळ्ळीत' म्हटले की आधी तीन गुरू येतात आणि ते चरणाच्या आरंभी शोभतात. जुन्या अष्टकांत नुसते नाव बदलून भागणार नाही, ओळ नव्याने बांधावी लागेल.