मैदानात जमा व्हा, पण मैदानात पाणी असेल तर?

मीरा रोडच्या एका शाळेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा सध्या माझ्या टेबलावर आहे. शाळेचं नाव देत नाही, कारण दोष एकट्या शाळेचा नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. भूकंप-आगीपलीकडे जाऊन रोजचे छोटे धोकेही त्यांनी मोजले, हे त्यांचं श्रेय. प्रत्येक शाळेने आपल्या जागेचे धोके ओळखून आराखडा करावा, ही त्यांची अपेक्षा. हातातल्या आराखड्यात मात्र तेवढंच राहिलंय. समित्या आहेत, नकाशा आहे, मॉक ड्रिलच्या तारखा आहेत. आणि सगळ्या ड्रिलचा शेवट एकच : मुलं रांगेने मैदानात.

आता हे गाव डोळ्यासमोर आणा. उत्तरेला वसईची खाडी, आजूबाजूला मिठागरं, सखल जमीन. पालकांपैकी कितीतरी जण लोकलने मुंबईत कामाला जाणारे. २६ जुलै २००५, मंगळवार. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दुपारनंतर लोकल ठप्प, रस्ते पाण्याखाली, मोबाईल लागेनात. मुंबई परिसरात अनेक मुलं रात्रभर शाळेतच राहिली. म्हणजे इथे खरा प्रश्न मुलांना बाहेर कसं काढायचं हा नाही. त्यांना आत, वरच्या मजल्यावर, किती वेळ ठेवायचं आणि मग कोणाच्या हाती द्यायचं, हा आहे. आराखड्यात त्यावर एक ओळ आहे : ‘पालकांना तातडीने कळवावे.’

ही ओळ करून बघू. समजा १२०० मुलं आहेत आणि फोन कार्यालयातला कारकून करणार. एका फोनला दोन मिनिटं धरली तर २४०० मिनिटं, म्हणजे सलग ४० तास! वर्गशिक्षकांवर वाटलं, एका वर्गात ४० मुलं, तर ८० मिनिटं. साखळी केली, म्हणजे शिक्षकाने चार पालकांना आणि त्या प्रत्येकाने नऊ जणांना फोन करायचा, तर साधारण २६ मिनिटांत वर्ग पूर्ण होतो. कागदावर छान दिसतं. पण त्या चारपैकी एक जण बंद पडलेल्या लोकलमध्ये असेल, तर नऊ घरं अंधारात, आणि शिक्षकाला ते कळतही नाही. म्हणून प्रत्येक दुव्याला एक पर्यायी नाव हवं, आणि ‘नऊपैकी किती जणांशी बोलणं झालं’ हा आकडा उलट शिक्षकाकडे यायला हवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ढकललेला मेसेज म्हणजे कळवलं असं नाही.

आणि फोनच बंद पडले तर? त्यासाठी जून महिन्यातच ठरलेला नियम लागतो. निरोप आला नाही तर मूल शाळेतच आहे असं समजा, आणि पाण्यातून यायची धडपड करू नका. मूल फक्त यादीतल्या तीन व्यक्तींनाच मिळेल, त्यातली एक तरी चालत येण्याच्या अंतरावरची असावी, ही यादी कागदावर गेटजवळ, सही घेऊनच सुटका. हे नसेल तर गेटवर काय होतं ते सांगायला नको. शेजारचे काका तीन मुलं घेऊन जातात, आणि तासाभराने त्यातल्या एकाची आई येऊन विचारते, माझं कुठाय?

जबाबदाऱ्यांचा तक्ता वाचताना मला आणखी एक गोष्ट खटकली. शाळा दोन पाळ्यांत भरते, पण प्रथमोपचार आणि संपर्क, दोन्हींचे प्रमुख सकाळच्या पाळीचे. पाणी भरायला लागेल तेव्हा ते घरी असतील, आणि घर विरार-नालासोपाऱ्याला असेल तर परत येणं विसराच. जबाबदारी पाळीनुसार पदाला द्यायला हवी, आणि जोडीला दुसरं नाव.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ली क्लार्क यांनी अशा आराखड्यांना ‘कल्पनारम्य दस्तऐवज’ म्हटलंय : संकट आवाक्यात आहे असा दिलासा देण्यापुरते कागद. पण संज्ञा चिकटवली म्हणजे संशोधन झालं असं नाही, हे मला मार्गदर्शकांनी दोनदा ऐकवलंय. जपानमधल्या ओकावा प्राथमिक शाळेचं उदाहरण घ्या. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर मुलं शिस्तीत मैदानात आली आणि जवळजवळ पन्नास मिनिटं तिथेच थांबली. मग त्सुनामी आली. ७४ मुलं गेली, १० शिक्षक गेले. तिथेही पुस्तिका होती. पुढे कुठे जायचं याबद्दल तिच्यात जवळची मोकळी जागा किंवा बाग एवढंच मोघम लिहिलेलं होतं, आणि अपिलात न्यायालयाने नेमकी ही तयारीतली त्रुटीच धरली.

तेव्हा कोणी या विषयावर प्रबंध करणार असेल तर मैदान किती मिनिटांत भरलं हे मोजू नका, ते सगळेच मोजतात. एखाद्या साध्या बुधवारी दुपारी, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, चाचणी असल्याचं निरोपातच स्पष्ट सांगून एका वर्गाची साखळी चालवून बघा. तीस मिनिटांत किती घरांचं उत्तर परत आलं, आणि कुठल्या दुव्यावर अडलं, ते लिहून ठेवा. मग तोच वर्ग पावसाळ्यात पुन्हा, यावेळी शाळेतून एकही फोन न करता : नियम किती पालकांच्या लक्षात आहे ते दुसऱ्या दिवशी विचारा.