‘फर्स्ट प्रेस’ हा दावा तपासायचा कसा? एका जाहिरातीची चिकित्सा

मीरा रोडच्या एका विक्रेत्याने ऑनलाइन टाकलेली जाहिरात सध्या माझ्या टेबलावर प्रिंट काढून ठेवली आहे. माल आहे बीटल्सचा ‘प्लीज प्लीज मी’ हा एलपी, भारतात दाबलेला. दावा असा: “मॅट्रिक्स वन-एन आहे, म्हणजे फर्स्ट प्रेस, १९६३.” सोबत पाच फोटो. किंमत साध्या जुन्या एलपीच्या कितीतरी पट.

विक्रेत्याला खोटं पाडायचं म्हणून हे लिहीत नाही. त्याने आकडा बरोबर वाचलाय. प्रश्न आहे तो ‘म्हणजे’ या शब्दाचा. पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत त्याने जी उडी मारली आहे, तशीच उडी आपण प्रबंधात जुनी पुस्तकं, नाणी, फोटो यांच्याबाबत मारत असतो. त्यामुळे हा युक्तिवाद सुटा करून बघू.

मॅट्रिक्स नंबर नक्की कशाचा असतो?

तबकडीवर गाणी संपली की लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिला संग्राहक रनआउट म्हणतात. तिच्यावर बारीक अक्षरं असतात. या एलपीवर ती अशी आहेत (डेटाबेसमध्ये शोधताना अशीच टाईप करायची):

```
A: XEX 421-1N
B: XEX 422-1N
```

पहिला भाग म्हणजे त्या बाजूची ओळख. शेवटचा 1 म्हणजे पहिला कट आणि N म्हणजे मोनो. पण कट कशाचा? इथे रेकॉर्ड बनण्याची साखळी माहीत हवी. स्टुडिओतल्या टेपवरून आधी लॅकर नावाच्या मऊ लेपाच्या चकतीवर खाच कोरतात. त्या चकतीवर धातूचा थर चढवून उलटा ठसा काढतात, तो ‘फादर’. फादरवरून सुलटा ठसा, तो ‘मदर’. मदरवरून पुन्हा उलटे ठसे, ते ‘स्टँपर’. हे स्टँपर प्रेसमध्ये बसवून गरम विनाइल दाबलं की तबकडी तयार. एका स्टँपरमधून काही शे प्रती निघतात, मग तो झिजतो आणि त्याच मदरवरून दुसरा काढतात. मदर खराब झाली तर फादरवरून नवी काढता येते.

म्हणजे मॅट्रिक्स नंबर साखळीच्या पहिल्या टप्प्याचा, लॅकरचा, आहे. तो पुढच्या प्रत्येक ठशात आपोआप उतरत जातो. पहिला कट चांगला निघाला आणि त्याचं धातूकाम टिकलं, तर कंपनी नवा कट कशाला करेल? मग कित्येक वर्षांनी दाबलेल्या प्रतीवरही वन-एनच दिसणार.

एकच नंबर, तीन लेबलं

हे नुसतं तत्त्वापुरतं नाही, याच एलपीवर ते सिद्ध करता येतं. ‘प्लीज प्लीज मी’ इंग्लंडमध्ये २२ मार्च १९६३ ला पार्लोफोनने काढला. मोनो प्रतीचा कॅटलॉग नंबर `PMC 1202`. सगळ्यात आधीच्या प्रतींवर काळं लेबल आणि सोनेरी अक्षरं आहेत, आणि लेनन-मॅकार्टनी यांच्या काही गाण्यांखाली प्रकाशक म्हणून डिक जेम्सच्या कंपनीचं नाव आहे. लगेचच त्या जागी नॉर्दर्न साँग्ज हे नाव आलं. लेबल मात्र काळं-सोनेरीच राहिलं. त्यानंतर पार्लोफोनने काळ्यावर पिवळी अक्षरं असलेलं लेबल आणलं.

आता या तिन्ही प्रकारांचे रनआउट वाचा. वन-एन, वन-एन, वन-एन. संग्राहक सोनेरी लेबलासाठी जी रक्कम मोजतात तिच्या तुलनेत पिवळं लेबल किरकोळ भावात जातं, पण मॅट्रिक्सने या दोघांत फरकच करता येत नाही. इथे फरक कागद सांगतो, धातू नाही.

धातूमध्ये आणखी थोडी माहिती मिळते खरी. ईएमआयच्या हेज इथल्या कारखान्यात मॅट्रिक्स नंबर घड्याळातल्या ६ च्या जागी आला, अशी तबकडी धरली, तर ९ च्या जागी मदरचा क्रमांक आणि ३ च्या जागी स्टँपरची अक्षरं सापडतात. ही अक्षरं एका किल्लीने वाचतात:

```
G R A M O P H L T D
1 2 3 4 5 6 7 8 9 0
```

म्हणजे नुसतं G असेल तर पहिला स्टँपर, RO असेल तर पंचविसावा. लहान आकडा म्हणजे साधारणपणे आधीची प्रत. पण ‘साधारणपणे’ इथे महत्त्वाचं आहे. एका वेळी अनेक प्रेस चालू असायचे, त्यामुळे पाचवा स्टँपर तिसऱ्याच्या आधी कामाला लागलाच नसेल, असं सांगता येत नाही. शिवाय आपल्या विक्रेत्याच्या फोटोंत ३ आणि ९ च्या जागा दिसतच नाहीत. त्याने फक्त स्वतःच्या दाव्याला लागणारा तुकडा टिपलाय.

हेजचा धातू, दमदमचा प्रेस

भारतीय प्रतीबाबत गोष्ट आणखी एक पायरी पुढे जाते. ग्रामोफोन कंपनीचा भारतातला कारखाना कोलकात्याजवळ दमदमला होता. परदेशी संगीताचे एलपी इथे दाबायचे तेव्हा धातूचे ठसे बाहेरून यायचे. म्हणून भारतीय प्रतीवर इंग्लंडचा मॅट्रिक्स नंबर असतो. तो लंडनमधला कट सांगतो. दमदमला प्रेस कधी चालला हे सांगत नाही.

हे आपल्याकडे पहिल्यापासूनच आहे. गौहर जान यांचं पहिलं ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात झालं, पण तबकड्या दाबल्या गेल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. कोलकात्यात सियालदहला कारखाना आला १९०८ मध्ये. त्यामुळे या काळातल्या एखाद्या रेकॉर्डबद्दल ‘कुठली?’ असं विचारलं तर गायनाचं ठिकाण आणि तबकडीचं ठिकाण ही दोन वेगळी उत्तरं द्यावी लागतात. ‘कधीची?’ या प्रश्नाचंही तेच. मायकेल किनिअर यांची १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढलेली सूची ही कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची आहे. ती वापरताना मुद्रणाची तारीख हातातल्या प्रतीला चिकटवायची नाही, हे आपण लक्षात ठेवायचं.

लेबल तरी तारीख देतं का?

देतं, पण एकाच बाजूची. उदाहरण घ्या. ग्रामोफोन कंपनी १९८० च्या दशकाच्या मध्याला आरपीजी समूहाकडे गेली. एचएमव्हीच्या एखाद्या स्लीव्हवर आरपीजीचं नाव छापलेलं असेल, तर ती स्लीव्ह त्याआधीची असूच शकत नाही, मग आत कितीही जुनी गाणी असोत. उलट मात्र खरं नाही. जुनं लेबल दिसलं म्हणून प्रत जुन्याच काळात दाबली, असं म्हणता येत नाही, कारण छापलेली लेबलं गठ्ठ्यात शिल्लक राहतात आणि संपेपर्यंत वापरली जातात.

आता गंमत बघा. मॅट्रिक्स सांगतो ‘या कटाच्या आधीची नाही’. लेबल सांगतं ‘या छपाईच्या आधीची नाही’. तबकडीत कंपनीने ठेवलेली प्रत्येक खूण फक्त खालची मर्यादा देते. वरची मर्यादा, म्हणजे ‘यानंतरची नाही’, ही तबकडी कारखान्यातून बाहेर पडल्यावर तिच्यावर काय घडलं त्यातून मिळते.

आणि ती या जाहिरातीत आहे! चौथ्या फोटोत स्लीव्हच्या कोपऱ्यात शाईने लिहिलंय, सप्रेम भेट, २-६-७१. विक्रेत्याने खाली कबुली दिल्यासारखं नोंदवलंय: “स्लीव्हवर लिखाण, म्हणून थोडा डिस्काउंट.” पाचव्या फोटोत लेबलवरही त्याच शाईत, त्याच वळणाची आद्याक्षरं आहेत. नुसत्या स्लीव्हवरची तारीख पुरली नसती, कारण जुन्या बाजारात तबकडी एकीची आणि स्लीव्ह दुसरीची हे नेहमीचं. पण लेबलवरच्या आद्याक्षरांमुळे दोन्ही वस्तू एकाच घरातल्या असाव्यात, असं म्हणायला आधार मिळतो. म्हणून या प्रतीचा काळ: मार्च १९६३ नंतर, जून १९७१ च्या आधी. त्याहून बारीक तारीख या फोटोंवरून निघत नाही.

किंमत आणि पुरावा

ज्या एका खुणेने प्रतीचा काळ दोन्ही बाजूंनी बांधला जातो, तिलाच बाजार दोष मानतो आणि पैसे कापतो. ज्या खुणेने ‘१९६३’ सिद्ध होत नाही, तिच्यासाठी जास्त पैसे मागितले जातात. संग्राहकाचं चुकतं असं नाही. त्याला स्वच्छ वस्तू हवी असते. आपल्याला वस्तूचा इतिहास हवा असतो. अडचण तेव्हा येते, जेव्हा आपण बाजाराची शब्दावली तशीच उचलून प्रबंधात वापरतो.

शिवाय बाजारसुद्धा ‘पहिलं’ याला सरसकट पैसे देत नाही. याच एलपीची स्टिरिओ आवृत्ती, `PCS 3042`, मोनोनंतर महिनाभराने आली. तरी सोनेरी लेबलाची स्टिरिओ प्रत मोनोपेक्षा कितीतरी महाग जाते, कारण तेव्हा घरोघरी मोनो वाजायचं आणि स्टिरिओच्या प्रती थोड्याच निघाल्या. म्हणजे पैसे दुर्मिळतेचे आहेत. ‘फर्स्ट’ हा शब्द अनेकदा दुर्मिळतेचं टोपणनाव असतो.

मग नोंद कशी करायची?

तबकडी दिव्याखाली सपाट धरू नका. टॉर्चचा उजेड बाजूने, तिरका पाडा, मग अक्षरांच्या सावल्या उठून दिसतात. दोन्ही बाजूंचा रनआउट पूर्ण फेरी फिरवून वाचा आणि अक्षर कुठल्या ‘वाजता’ आहे तेही लिहा. ठोकलेलं अक्षर आणि हाताने कोरलेलं अक्षर वेगळं नोंदवा. खोडलेला नंबर असेल तर तोही. मग कट, धातू, लेबल, स्लीव्ह आणि मालकाच्या खुणा यांना पाच वेगळे रकाने द्या. प्रत्येकासमोर ‘याआधी नाही’ आणि ‘यानंतर नाही’ असे दोन उपरकाने. बहुतेक ठिकाणी दुसरा रिकामा राहील. तो रिकामाच ठेवा.

त्या विक्रेत्याची ओळ मी अशी लिहिली असती: “पहिला मोनो कट, भारतात दाबलेली प्रत, १९६३ ते १९७१ मधली, स्लीव्हवर तारखेसह भेटीची नोंद.” या ओळीला कदाचित कमी पैसे मिळतील. पण तिच्यातला प्रत्येक शब्द त्याच पाच फोटोंवरून दाखवता येतो.