सेवाव्रतींची पुस्तके आणि प्रोसिडिंग बुक

समाजकार्यावरच्या मराठी पुस्तकांना गेल्या पंधरा-वीस वर्षांत चांगले दिवस आले आहेत. जळगाव-धुळ्याच्या ग्रंथप्रदर्शनांत त्यांचा स्वतंत्र कप्पा असतो, बक्षीस समारंभात हीच पुस्तके वाटली जातात आणि विशी-बाविशीची मुले ती मनापासून वाचतात. नेमके म्हणूनच मला या पुस्तकांचा राग येतो. डॉ. प्रकाश आमट्यांचे 'प्रकाशवाटा' हे एका माणसाने सांगितलेले त्याचे आयुष्य होते आणि ते तेवढ्याच सरळपणे सांगितलेले होते. त्याच्या पाठोपाठ जी रांग लागली तिने त्यातला साधेपणा सोडला आणि फक्त साचा उचलला: शहरातली नोकरी नाकारणारा तरुण, दुर्गम पाडा, पहिली झोपडी, पहिला विरोध, पहिला पुरस्कार. पुस्तक पुरस्काराशी संपते. संस्थेचे खरे आयुष्य तिथून पुढे सुरू होते, आणि त्याबद्दल एक ओळ नसते.

समाजकार्य महाविद्यालयांतल्या क्रमिक पुस्तकांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन यांच्या व्याख्या पाठ करून चोपड्याच्या किंवा अमळनेरच्या विद्यार्थ्याला पदवी मिळते, संस्था चालवता येत नाही. अनिल अवचटांचे 'कार्यरत' मला आवडते, पण त्यांची नजर माणसावर खिळलेली असते आणि माणसामागच्या संस्थेकडे ती क्वचितच वळते.

तरुण कार्यकर्त्याला मी पहिले पुस्तक देईन ते गांधींचे 'सत्याचे प्रयोग'. जळगावात गांधीतीर्थ आहे, तिथे शाळांच्या सहली येतात आणि मुले चरखा बघून जातात. पण या आत्मकथेत नाताळ इंडियन काँग्रेसबद्दल जी पाने आहेत, ती छोटी संस्था चालवण्यावरचा सर्वांत उपयोगी मजकूर आहे असे मी ठामपणे म्हणतो. १८९४ साली ही संस्था निघाली. वर्गणी महिन्याला किमान पाच शिलिंग ठरली. लोकांनी उत्साहाने नावे दिली, मात्र दर महिन्याला दारोदार जाऊन पैसे गोळा करणे सचिवाला, म्हणजे खुद्द गांधींना, अशक्य झाले. मग वर्गणी वार्षिक केली, किमान तीन पौंड. एका व्यापाऱ्याकडून सहा पौंड मिळावेत अशी अपेक्षा होती आणि तो तीनवर अडून बसला, तेव्हा गांधी आणि त्यांचे सोबती त्याच्या घरी रात्रभर उपाशी बसून राहिले. पहाटे तो सहा द्यायला तयार झाला आणि मगच त्यांनी त्याचे जेवण घेतले. या प्रसंगाच्या आगेमागे गांधी सांगतात की त्यांनी प्रत्येक लहान रकमेची पावती दिली, आणि १८९४ च्या हिशेबाची पै न् पै आजही कागदांत सापडेल.

मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची कबुली. संस्थेसाठी कायम निधी उभारायचा, त्यातून मालमत्ता घ्यायची आणि भाड्यावर संस्था चालवायची, असे गांधींनी स्वतःच सुरू केले होते. ते दक्षिण आफ्रिकेतून निघाल्यावर त्याच मालमत्तेवरून भांडणे लागली आणि भाडे कोर्टात जमा होऊ लागले. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की सार्वजनिक संस्थेने कायम निधीवर जगू नये, दर वर्षी लोकांपुढे हात पसरावा, कारण लोकांनी वर्गणी देणे थांबवले तर त्या संस्थेने बंद व्हावे हेच बरे. आपल्याकडच्या किती संस्थापकांच्या आत्मकथेत, मी उभारलेली इमारत संस्थेच्या भांडणाचे कारण ठरली, असे वाक्य आहे?

दुसरे पुस्तक मिलिंद बोकिलांचे 'गोष्ट मेंढा गावाची'. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाबद्दल इतके लिहिले गेले आहे की नाव घेतल्यावर वाचक मान डोलावतात. बोकिलांचे वेगळेपण असे की ते देवाजी तोफा किंवा मोहन हिराबाई हिरालाल यांना देव्हाऱ्यात बसवत नाहीत. निर्णय कसा होतो ते ते सांगतात. गावात अभ्यास मंडळ वेगळे आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास मंडळात फक्त समजून घ्यायचे, तिथे निर्णय करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वांच्या सहमतीने. एकाचा विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाले त्यामागे असा वर्षानुवर्षांचा संथपणा होता. ही पद्धत कुठेही नेऊन रोवता येते असे मात्र समजू नये. चार-पाचशे वस्तीच्या, एका जमातीच्या गावाला थांबणे परवडते. नोंदणीकृत संस्थेला कायद्याने मुदत घालून दिलेली असते. तरीही चर्चा आणि निर्णय वेगळ्या दिवशी ठेवण्याची ही युक्ती कोणत्याही सात जणांच्या कार्यकारी मंडळाला उद्यापासून वापरता येईल. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याबद्दल असे पुस्तक मला हवे आहे. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्यावर लेखांचा पाऊस पडला आणि राखलेल्या जंगलाची छायाचित्रे सगळ्यांनी छापली. तोडबंदीचा नियम पहिल्यांदा कोणी मोडला, त्याच्याकडून दंड कोणी वसूल केला आणि वसूल करणाऱ्याशी तो पुढे बोलला का, हे मी वाचलेल्या एकाही लेखात नव्हते.

आणि तिसरे नाव वाहरू सोनवणे यांचे. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. तिथे १९७२ च्या सुमारास भिल्ल शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. वाहरू तिचे कार्यकर्ते आणि कवी. त्यांची 'स्टेज' ही कविता सभेत वर कोण बसतो, खाली कोण बसतो आणि खालच्याचे दुःख वरून कोण सांगतो, एवढेच विचारते. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मी ती पहिल्या तासाला ठेवीन. सेवाव्रतींच्या पुस्तकांत ज्याची सेवा झाली त्याचे नाव एका वाक्यापुरते येते, तेही त्याच्या हलाखीच्या वर्णनासाठी. संस्थेच्या विश्वस्त मंडळात त्याला जागा होती का, हे कोणी विचारत नाही.

मी इतका चिडलो आहे त्याचे कारण साहित्यिक नाही. ही पुस्तके वाचून संस्थेत आलेली मुले काय काय सोसतात ते बघण्यासारखे आहे. साक्री-पिंपळनेर भागात मुलींची अभ्यासिका चालवणाऱ्या एका लहान संस्थेची कल्पना करा. महाराष्ट्रात अशी संस्था साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली असते, म्हणून तिच्या क्रमांकाआधी 'एफ' हे अक्षर लागते. सात संस्थापक आहेत. तिसऱ्या वर्षी अध्यक्ष वारले, दोघे नोकरीसाठी पुण्याला गेले, त्यांच्या जागी तीन नवे आले. सभा झाली, चहा झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण कायद्याच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे हा बदल नव्वद दिवसांत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे कळवावा लागतो, त्याला बदल अर्ज किंवा चेंज रिपोर्ट म्हणतात. त्यासोबत मृत्यूचा दाखला, गेलेल्यांचे राजीनामे, नव्यांची संमतिपत्रे, सभेची नोटीस आणि ठरावाची प्रत हवी. तो अर्ज कोणी केलाच नाही. सचिवाला वाटले संस्थापक बघतील, आणि संस्थापक भाषणाला गेले होते.

पुढच्या निवडणुकीत त्या तीन नव्यांनीही मते दिली, त्यांतलाच एक अध्यक्ष झाला. सरकारी नोंदीत मात्र तो विश्वस्तच नाही. दुसऱ्या निवडणुकीचा अर्ज आता पहिल्या अर्जावर अडतो, कारण मतदारच नोंदीत नव्हते. बँक खात्यावरच्या सह्या बदलायला गेले की व्यवस्थापक परिशिष्ट एकचा ताजा उतारा मागतो, आणि त्यावर वारलेल्या अध्यक्षांचे नाव असते. देणगीदार कंपनी तोच उतारा मागते. अभ्यासिकेचे भाडे थकते. उशीर माफ करण्याची तरतूद २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात आहे, पण त्यासाठी पुरेसे कारण द्यावे लागते, खर्च भरावा लागू शकतो, आणि मुख्य म्हणजे त्या जुन्या सभेची नोटीस सर्व सभासदांना मिळाल्याचा पुरावा हवा. घटनेत पंधरा दिवसांची नोटीस लिहिलेली असते, प्रत्यक्षात फोन केलेला असतो. गणसंख्या होती का ते सहीच्या वहीवरून कळायला हवे, आणि वही सापडत नाही. एका नाराज सभासदाने हरकत घेतली की हे सगळे सुनावणीवर जाते.

संस्थेत येणाऱ्या मुलाने हे आधी ओळखावे कसे? सोपे आहे. पहिल्या आठवड्यातच परिशिष्ट एकचा उतारा मागावा आणि त्यावरची नावे प्रोसिडिंग बुकातल्या शेवटच्या सभेच्या सह्यांशी ताडून बघावीत. नावे जुळली तर संस्था जिवंत आहे. न जुळली तर अंतर किती वर्षांचे आहे ते मोजावे. उतारा मागितल्यावर संस्थापक रागावले तर उत्तर तिथेच मिळाले. ही एवढी ओळ छापणारे एकही प्रेरणादायी पुस्तक मला अजून सापडलेले नाही.

ही अडचण कारकुनी आहे, मोठ्या कामापुढे ती क्षुल्लक आहे, असे मला नेहमी ऐकवले जाते. मी ते मान्य करत नाही. बदल अर्ज राहतो तो आळसाने कमी आणि या पुस्तकांनी शिकवलेल्या समजुतीने जास्त राहतो. संस्था म्हणजे एक तेजस्वी माणूस, अशी समजूत असेल तर त्याच्यानंतर कोण, हा प्रश्न अशुभ ठरतो. सात विश्वस्तांतले सहा नावापुरते ठेवले जातात, त्यांत घरचे दोन-तीन असतात, ठराव आधी लिहून सह्या नंतर घेतल्या जातात. संस्थापक आजारी पडतो त्या दिवशी संस्था अडते. अशा संस्थेतून निराश होऊन परतलेला मुलगा समाजकार्याला दोष देतो, आणि दोष त्याला दिलेल्या पुस्तकांचा असतो. त्यांनी त्याला भक्त केले, सभासद केले नाही.

खान्देशाने तरी हे विसरू नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरून घेत होते. 'गीता प्रवचने' आज आहेत ती त्या लिहून घेणाऱ्या हातामुळे. लिहून घेणाऱ्याला आपल्या संस्थांत आणि आपल्या पुस्तकांतही आज शेवटची खुर्ची मिळते. म्हणून प्रकाशकांकडे माझी मागणी स्पष्ट आहे: पुढची दोन वर्षे एकाही संस्थापकाचे चरित्र छापू नका. एखाद्या बंद पडलेल्या संस्थेचे दहा वर्षांचे प्रोसिडिंग बुक, तिच्या विश्वस्तांच्या परवानगीने, नावे बदलून, ताळेबंदासह छापा. ती संस्था कोणत्या सभेत मेली ते वाचकाला स्वतः शोधू द्या. अशी संस्था चोपड्यात सापडेल, शिरपुरात सापडेल, आणि तिचा सचिव बोलायला तयार होईल याची मला खात्री आहे, कारण त्याला आजवर कोणी विचारलेलेच नाही.