‘चर्चेअंती सर्वानुमते ठरले’ : निवडीच्या वादाचं इतिवृत्त कसं वाचायचं?

साताऱ्या-सांगलीकडच्या तालमी, क्रीडा मंडळं, व्यायामशाळा यांच्यावर संशोधन करायचं ठरवलं, की इतिवृत्त पुस्तक लवकरच हातात येतं. लाल कापडी बांधणी, पानांवर क्रमांक, शेवटी सचिव आणि अध्यक्षांच्या सह्या. त्यात संघनिवडीचा वाद शोधायला गेलात तर बहुतेक वेळा एकच वाक्य मिळतं : ‘संघनिवडीबाबत सविस्तर चर्चा झाली. चर्चेअंती पुढीलप्रमाणे सर्वानुमते ठरले.’ खाली नावं, सूचक अमुक, अनुमोदक अमुक. वाद मात्र कुठेच नाही.

असं वाक्य दिसलं की नवीन संशोधक दोनपैकी एक करतो. एक तर ‘वाद नव्हताच’ असं लिहून मोकळा होतो, नाहीतर ‘समितीने वाद दाबला’ असं लिहितो. ‘सर्वानुमते’ हा शब्द दोन्हीला पुरावा देत नाही. मतदान झालंच नाही, कोणी उठून विरोध नोंदवा म्हणालं नाही, एवढंच त्यातून निघतं. तटस्थ दिसणारी नोंद आणि खरोखर तटस्थ असलेली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरक कसा ओळखायचा ते आपण आपल्याच भागातल्या सगळ्यात प्रसिद्ध वादावर तपासून बघू.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बॅण्टमवेट गटात, म्हणजे ५७ किलोत, कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्याआधी त्यांच्या निवडीवरून वाद झाला, हेही सगळ्यांना माहीत आहे. नेहमीची गोष्ट अशी : मद्रासच्या कुस्तीत पंचांनी त्यांना मुद्दाम एक गुण कमी दिला, म्हणून निवड हुकली. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे, म्हणजे तेव्हाचे भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष यादवेंद्रसिंह यांच्याकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केलं.

आता हीच गोष्ट संशोधकाच्या नजरेने वाचा. पहिली अडचण म्हणजे गोष्टीची दोन रूपं आहेत. एकात वाद मद्रासला एका गुणावर होतो. दुसऱ्यात तो लखनौला होतो : खाशाबा निरंजन दास यांना आधीच हरवतात, तरी पुन्हा लढवलं जातं आणि गाडी बरोबरीवर अडते. या दुसऱ्या रूपात निरंजन दास यांचा उल्लेख फ्लायवेटचे राष्ट्रीय विजेते असा येतो. खाशाबा १९४८ साली लंडनला फ्लायवेटमध्येच खेळून सहावे आले होते, पण हेलसिंकीत ते वरच्या गटात होते. मग ज्या निवडीवर भांडण झालं ती नेमकी कोणत्या वजनगटाची? गोष्ट सांगणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याला पहिल्याच ओळीत त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. गोष्टीत एकच बाजू बोलते. ‘मुद्दाम’ हा शब्द खाशाबांच्या बाजूचा आरोप आहे. तो खराही असू शकतो, पण पुढे पुढे सांगताना ‘त्यांच्या मते’ गळून पडलं आणि आरोप घटना होऊन बसला. पंचांनी तो गुण कशासाठी दिला, निवड समितीने कोणता निकष धरला होता, निरंजन दास यांचं काय म्हणणं होतं, याला गोष्टीत जागाच नाही. आणि ऐकणाऱ्याला ती उणीव जाणवत नाही, कारण शेवटी पदक आहे. पदक मिळालं म्हणजे समिती चुकली, असा हिशेब आपण मनात करून टाकतो.

पण पदक हा त्या निवडीचा पुरावा नाही. निवड झाली त्या दिवशी पदक कोणालाच माहीत नव्हतं. समिती योग्य वागली की अयोग्य, हे त्या दिवशी तिच्यासमोर काय होतं आणि तिने कोणता नियम लावला यावरूनच ठरवावं लागतं. कदाचित तरीही समिती चुकीचीच ठरेल. पण ते ठरवण्यासाठी लागणारा कागद वेगळा.

तो कागद कसा असतो, हे बघायला २०१६ चा वाद घेऊ. खेळ तोच, वाद साधारण तसाच, पण दोन्ही बाजू लेखी नोंदलेल्या आहेत. रिओ ऑलिंपिकसाठी ७४ किलो गटात नरसिंग यादव की सुशीलकुमार? नरसिंग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. त्यांनी २०१५ च्या लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून भारताला या गटातली जागा मिळवून दिली होती. सुशीलकुमार यांच्याकडे दोन ऑलिंपिक पदकं होती, दोन्ही ६६ किलोतली. पुढे ७४ किलोत त्यांनी २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतलं. त्यांनी निवड चाचणी मागितली, महासंघाने नाकारली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि ६ जून २०१६ ला याचिका फेटाळली गेली.

समजा हाच वाद एखाद्या क्रीडा मंडळाच्या बैठकीत आला असता. नोंद कशी झाली असती? खालचा मजकूर नमुना म्हणून मी तयार केला आहे, मुद्दे मात्र खऱ्या वादातले आहेत.

‘विषय : ७४ किलो गटातील निवड. निर्विवाद बाबी : जागा देशाला मिळालेली आहे, खेळाडूच्या नावावर नाही. ती २०१५ च्या जागतिक स्पर्धेतील नरसिंग यादव यांच्या कामगिरीमुळे मिळाली. त्या वेळी सुशीलकुमार दुखापतीमुळे निवड चाचणीत उतरले नव्हते. सुशीलकुमार यांचे म्हणणे : जागा देशाची असल्याने आज जो श्रेष्ठ तो जावा, आणि ते चाचणीशिवाय कळणार नाही. नरसिंग यादव यांच्या बाजूचे म्हणणे : ज्याने या गटात जागा मिळवली त्याने जावे. स्पर्धा तोंडावर असताना चाचणी घेतल्यास तयारी बिघडेल व दुखापतीचा धोका राहील. निर्णय : चाचणी घेऊ नये. कारण : ... विरोधी मत : ...’

या नोंदीत एकही विशेषण नाही, पण तटस्थपणा तिथून येत नाही. ‘चर्चेअंती’वाल्या वाक्यातही विशेषण नसतं. तटस्थपणा येतो तो तीन ठिकाणांहून.

एक, मान्य बाबी आणि म्हणणं वेगवेगळं लिहिलं आहे. ‘दुखापतीमुळे उतरले नव्हते’ हे दोघांनाही मान्य, म्हणून ते वर. ‘आज जो श्रेष्ठ तो जावा’ हे म्हणणं, म्हणून ते त्या व्यक्तीच्या नावाखाली. जुन्या इतिवृत्तात क्रियापदांकडे लक्ष द्या. एका बाजूसाठी ‘निदर्शनास आणून दिले’ आणि दुसरीसाठी ‘आक्षेप घेतला’ असं दिसलं, तर लिहिणाऱ्याचा कल तिथेच कळतो. पहिलं क्रियापद म्हणणं खरं धरतं, दुसरं त्याला कटकट ठरवतं.

दोन, हरलेल्या बाजूचं म्हणणं तिच्या सर्वात भक्कम रूपात आलं आहे. इथे एक साधी कसोटी वापरता येते. निर्णयाच्या ओळीवर हात ठेवा आणि वरचा मजकूर वाचा. निर्णय कोणत्या बाजूने लागला ते आधीच कळत असेल, तर नोंद निर्णयानंतर, निर्णयाच्या सोयीने लिहिली गेली आहे. सुशीलकुमार यांचा मुद्दा ‘त्यांनी चाचणीचा आग्रह धरला’ एवढाच लिहिला असता तर तो हट्ट वाटला असता. जागा देशाची आहे, हा त्यामागचा आधार लिहिला की त्यात दम आहे हे कळतं.

तीन, निर्णयाचं कारण आणि विरोध लिहायला जागा आहे. कारण नसलेला निर्णय तपासता येत नाही. नोंदवलेला विरोध पुढच्या बैठकीत किंवा वरच्या संस्थेकडे नेता येतो, न नोंदवलेला हवेत विरतो. हेलसिंकीबद्दल नेहमी सांगतात, की खाशाबांना दोन कुस्त्यांमधली विश्रांती मिळाली नाही आणि तक्रार करायला भारतीय अधिकारीच तिथे नव्हता. ते तसंच घडलं असेल, तर हरकत कागदावर न येण्याची किंमत काय असते हे त्यातून दिसतं.

आता पदकाचा मुद्दा दुसऱ्या टोकाने तपासू. त्या निकालानंतर घेतलेल्या नमुन्यांत नरसिंग यादव उत्तेजक चाचणीत दोषी आढळले. राष्ट्रीय संस्थेने त्यांना मोकळं केलं, पण ऑगस्ट २०१६ मध्ये क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली आणि ते रिओत खेळले नाहीत. ‘बघा, सुशीललाच पाठवायला हवं होतं’ असं म्हणणं सोपं आहे. पण ६ जूनला हे कोणासमोरच नव्हतं. खाशाबांचं पदक जसं समितीला दोषी ठरवत नाही, तशी ही बंदी महासंघाला दोषी ठरवत नाही. चांगल्या इतिवृत्ताचा उपयोग हाच, की ते आपल्याला त्या तारखेपुरतं अडवून ठेवतं.

या कसोट्यांना मर्यादा आहे. नीट मांडलेली नोंदसुद्धा निकष आधी ठरला होता की ऐनवेळी, हे लपवू शकते. त्यासाठी वाद झालेल्या बैठकीच्या आधीच्या दोन-तीन बैठका वाचा. निवडीचा निकष तिथे लिहिलेला असेल तर तो आधीचा. वादाच्या दिवशीच पहिल्यांदा उगवला असेल, तर तो कोणाला सोयीचा होता हे विचारा. शिवाय इतिवृत्त पुढच्या बैठकीत वाचून कायम करतात. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले’ या ओळीजवळ दुरुस्ती सुचवलेली दिसली, तर वाद तिथे जिवंत सापडतो.

शोधायचं कुठे? मूळ पुस्तक बहुधा सचिवांच्या घरी किंवा मंडळाच्या कपाटात असतं. नोंदणीकृत संस्था असेल तर धर्मादाय कार्यालयात तिची घटना आणि कार्यकारिणीचे बदल अर्ज असतात. कार्यकारिणीवरूनच भांडण झालं असेल, तर बदल अर्जाच्या फायलीत दोन्ही गटांचं म्हणणं मिळू शकतं. आणि १९५२ च्या आसपासचे सरकारी कागद शोधत असाल तर जिल्ह्याच्या नावाकडे लक्ष ठेवा. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. ‘सांगली जिल्हा’ म्हणून मागितलेली फाईल ‘दक्षिण सातारा’ या नावाखाली पडलेली असू शकते.

अशी फाईल हातात आलीच, तर विजेत्याचं नाव शेवटी वाचा. आधी हरलेल्याचं म्हणणं किती ओळींत लिहिलंय ते मोजा.